चाळीस टक्क्यांचं लक्ष्य, दोन पानांची नोट: प्रकल्प नोंदी

(कंपनीचं नाव देत नाही. पुणे जिल्ह्यातला फोर्जिंगचा, म्हणजे तापवलेलं पोलाद ठोकून यंत्रांचे भाग घडवायचा धंदा, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, एवढं पुरे. कंपनीचे आकडे गोल केलेत आणि थोडे हलवलेत, पण त्यांचे आपसातले संबंध तसेच ठेवलेत.)

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

२०२४-२५ चा वार्षिक अहवाल एक्स्चेंजवर चढला. आयआरच्या, म्हणजे गुंतवणूकदारांशी बोलणाऱ्या विभागाच्या, मॅडमनी सकाळीच बोलावून सांगितलं, की सस्टेनेबिलिटीच्या भागाची दोन पानांची नोट हवी. लक्ष्यं काय, मोजमाप कशात, गेल्या वर्षीपेक्षा किती पुढे. सप्टेंबरात एका ब्रोकरेजच्या परिषदेत फंडवाल्यांसोबत बैठका आहेत, तिथे त्यांना उत्तरं द्यायची आहेत. मुदत गणपतीच्या आधी, म्हणजे २६ तारीख.

अहवाल २१२ पानांचा. आपल्या विषयाचं दोन ठिकाणी आहे: पुढच्या रंगीत पानांत फोटोंसकट, आणि मागे बीआरएसआरमध्ये, म्हणजे सेबीच्या साच्यातल्या जबाबदारी आणि सस्टेनेबिलिटीच्या अहवालात. पुढची पानं एजन्सीने लिहिलीत, मागची प्लँट आणि फायनान्सने भरलीत. एकाच गोष्टीचे दोन लेखक असले की आकडे जुळतील याची खात्री नाही, म्हणून पहिलं काम एक तक्ता: लक्ष्य, पायाभूत वर्ष, लक्ष्यवर्ष, गेल्या वर्षीचा आकडा, यंदाचा आकडा, पान क्रमांक. पान क्रमांकाचा रकाना सर्वात महत्त्वाचा. मीटिंगमध्ये कोणी 'हे कुठे लिहिलंय?' विचारलं, तर मॅडमना बोट ठेवता आलं पाहिजे.

संध्याकाळपर्यंत लक्ष्यासारखी दिसणारी सात वाक्यं सापडली. त्यातल्या तिनांनाच आकडा, वर्ष आणि पाया हे तिन्ही आहे: उत्सर्जन, नवीकरणीय ऊर्जा आणि पाणी. 'शून्य कचऱ्याच्या दिशेने वाटचाल' वगैरे चार वाक्यांना ना वर्ष ना पाया. ती तक्त्याबाहेर काढली.

५ ऑगस्ट

उत्सर्जनापासून सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत अडकलो.

बीआरएसआरमध्ये स्कोप १ आणि २ ची तीव्रता 'दर रुपया उलाढालीमागे' द्यायची असते. स्कोप १ म्हणजे आपण स्वतः जाळलेलं इंधन (आमच्याकडे फर्नेस ऑइल आणि गॅस), स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. यंदा दोन्ही मिळून ८५,००० टन आणि उलाढाल १,३५० कोटी. कोटींचे रुपये केले, की भागाकार ०.०००००६३ टन येतो. भरणाऱ्याने दशांशानंतर सहाच घरं ठेवली. त्यामुळे गेल्या वर्षीच्या रकान्यात ०.०००००७ आणि यंदाच्या रकान्यात ०.०००००६ छापलंय.

हे वाचून कोणी गणित केलं, तर १४ टक्के घट निघेल. मूळ आकड्यांवरून ती ७ टक्के आहे, आणि अहवालाच्या पुढच्या पानावरही ७ च लिहिलंय. म्हणजे चूक आकड्यात नाही, घरं कापण्यात आहे. पण विश्लेषक मंडळी पुढची पानं न वाचता एक्स्चेंजवरची एक्सबीआरएल फाइल थेट एक्सेलमध्ये ओढतात. त्यांच्याकडे १४ जाणार, आमच्याकडे ७.

ठरवलं, की नोटमध्ये सगळं 'टन दर कोटी' मध्ये द्यायचं: गेल्या वर्षी ६७.७, यंदा ६३.०. आणि मॅडमसाठी खाली एक ओळ: कोणी १४ टक्के म्हणालं, तर तो कुठून आला ते असं.

७ ऑगस्ट

आज खऱ्या प्रश्नाला हात घातला.

लक्ष्य असं आहे: २०२०-२१ च्या तुलनेत २०२९-३० पर्यंत स्कोप १ व २ ची उत्सर्जन-तीव्रता, उलाढालीमागे, ४० टक्क्यांनी कमी. प्रगती छापलीय ३३ टक्के. ताडून पाहिलं:

```
=1-(85000/1350)/(58000/620)
```

उत्तर ०.३२७. छापलेलं बरोबर आहे. नऊ वर्षांपैकी चार झाली आणि चाळीसपैकी तेहतीस गाठले. सरळ रेषेने मोजलं तर आतापर्यंत १८ च्या आसपास हवे होते. एजन्सीने 'निर्धारित वेळेच्या पुढे' लिहिलंय, आणि या भागाकारापुरतं ते खोटं नाही.

पण भागाकारात खालचा आकडाही हलतो. २०२०-२१ मध्ये आम्ही ४८,००० टन फोर्जिंग करून ६२० कोटी मिळवले, म्हणजे टनामागे १ लाख २९ हजार. यंदा ८२,००० टनांवर १,३५० कोटी, म्हणजे टनामागे १ लाख ६५ हजार. मधल्या काळात पोलाद महागलं आणि ते गिऱ्हाईकाच्या बिलात गेलं. आमच्या धंद्यात कच्च्या मालाचा भाव करारानेच पुढे सरकतो. शिवाय गेल्या दोन वर्षांत नुसतं फोर्जिंग विकण्याऐवजी मशीनिंग करून तयार भाग देणं वाढलंय. दोन्हींमुळे रुपये वाढतात. भट्टीला त्यातलं काही कळत नाही.

भट्टीला कळतं ते टनात. तेव्हा टनामागे किती उत्सर्जन, ते काढलं: पाया १.२१, यंदा १.०४. घट १४ टक्के. म्हणजे छापलेल्या तेहतीसपैकी निम्म्याहून जास्त वाटा टनामागच्या वाढलेल्या रुपयांचा आहे. एकूण उत्सर्जन तर ५८ हजारांवरून ८५ हजारांवर गेलंय, सुमारे ४७ टक्के वाढ.

यातलं मी कुठून खणून आणलं, असं काही नाही. बीआरएसआरच्या साच्यात 'भौतिक उत्पादनामागे तीव्रता' अशी ओळच आहे आणि आमच्या अहवालात पान १६८ वर ती भरलेलीही आहे. फक्त पुढच्या पानांवर तिला जागा मिळाली नाही.

८ ऑगस्ट

सस्टेनेबिलिटीच्या सहकाऱ्याला टनाचा आकडा दाखवला. तो आधी चिडला. 'लक्ष्य उलाढालीवर आहे, तू टनावर का मोजतोस?' मुद्दा योग्य आहे. परीक्षा ज्या विषयाची, गुण त्याच विषयाचे. नोटमध्ये पहिला आकडा ३३ चाच राहील, हे मान्य केलं.

मग तोच म्हणाला, 'टनाचाच हिशेब करायचा तर नीट कर. आमचा टन आता तो टन नाही राहिला.' त्याचं म्हणणं असं: टन मोजतो तो फोर्जिंगचा, मशीनिंगच्या आधीचा. त्याच टनावर आता टर्निंग, ड्रिलिंग, ग्राइंडिंग होतं आणि त्याची वीज आपल्याच मीटरवर पडते. पूर्वी ते काम गिऱ्हाईक करायचा, वीज त्याच्या मीटरवर. बघितलं तर खरंच गेल्या वर्षी टनामागे एकूण १.२१ मेगावॅट-तास वीज होती, यंदा १.२३. उलाढालीचा हिशेब आम्हाला जास्त चांगलं दाखवतो आणि टनाचा थोडं जास्त वाईट. दोन्ही द्यायचे आणि कुठला कशामुळे कुठे झुकतो, ते एका वाक्यात सांगायचं.

दुपारी प्लँटच्या एनर्जी मॅनेजरना फोन लावला, पायाभूत वर्षाबद्दल. २०२०-२१ म्हणजे लॉकडाउनचं वर्ष. त्यांनी हसून सांगितलं, 'त्या वर्षी भट्ट्या रिकाम्या तापत होत्या हो.' हीट ट्रीटमेंटची भट्टी रोज गार करून रोज तापवता येत नाही. आत माल असो नसो, तापमान धरून ठेवायला इंधन लागतंच. एक पाळी चालली तरी तीन पाळ्यांचं जळतं. त्यामुळे टनामागचा आकडा त्या वर्षी फुगला.

त्याच्या पुढच्या वर्षाचे, म्हणजे २०२१-२२ चे, आकडे जुन्या अहवालातून काढले: ७८,५०० टन उत्सर्जन, ७२,००० टन उत्पादन, म्हणजे १.०९. पायापासूनच्या चौदापैकी जवळजवळ दहा टक्के पहिल्याच वर्षी आले, ऑर्डरी परतल्या आणि भट्ट्या भरल्या म्हणून. त्यानंतरच्या तीन वर्षांत मिळून घट ५ टक्के.

पाया बदलायचा अधिकार आमचा नाही, तो संचालक मंडळाने ठरवलाय. पण ज्या फंडाने दहा फोर्जिंग कंपन्या पाहिल्यात, त्याला २०२०-२१ दिसताक्षणी हेच सुचणार.

११ ऑगस्ट

आता वर्षागणिकचा बदल. टनामागे गेल्या वर्षी १.०५, यंदा १.०४, दशांश नीट धरले तर घट १.३ टक्के. फारच थोडी वाटली. प्लँटवाले तर दोन फर्नेस ऑइलच्या भट्ट्या बंद करून इंडक्शनवर, म्हणजे विजेवर, गेल्याचं सांगतात. मग ती मेहनत गेली कुठे?

स्कोप १ मध्ये ती दिसते: २३,००० टनांवरून २२,०००. स्कोप २ मात्र ६१,००० वरून ६३,००० झालाय. विजेची युनिटं पाहिली तर ग्रिडची वीज १.७ टक्केच वाढलीय आणि तिचं उत्सर्जन ३.३ टक्के. एकाच विजेच्या दोन वाढी कशा?

उत्तर गुणकात सापडलं. ग्रिडच्या विजेचं उत्सर्जन काढायला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या डेटाबेसमधला गुणक वापरतात. गेल्या वर्षी १९ व्या आवृत्तीतला ०.७१६ टन दर मेगावॅट-तास वापरला होता, यंदा २० व्या आवृत्तीतला ०.७२७. दोन्ही वेळी हाताशी असलेली ताजी आवृत्तीच घेतली, चूक कोणाचीच नाही. (१९ वी आवृत्ती २०२२-२३ च्या विजेवर आहे आणि २० वी २०२३-२४ च्या. म्हणजे आपला अहवाल गुणकाच्या बाबतीत कायम एक वर्ष मागे.)

यंदाच्या ८६,६६० मेगावॅट-तासांना जुनाच गुणक लावला तर स्कोप २ सुमारे ६२,०५० टन येतो. साधारण ९५० टनांचा फरक, आणि तो आमच्या आवारात घडलेलाच नाही. देशाच्या वीजकेंद्रांत त्या वर्षी कोळशाचं प्रमाण थोडं जास्त होतं, एवढंच. गुणक स्थिर धरला तर टनामागची घट १.३ ऐवजी २.४ टक्के.

हे सापडल्यावर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आठवडाभर कंपनीच्या विरुद्ध जाणारेच आकडे काढत होतो. हा तिच्या बाजूचा. पण नियम तोच: अहवालात छापलेला आकडा १.३, तो आधी. २.४ हा आमचा हिशेब, म्हणून त्याच्यापुढे 'अहवालात नाही, अहवालातील वीजवापरावरून काढलेला' असं लिहायचं.

१३ ऑगस्ट

दुसरं लक्ष्य: '२०३० पर्यंत ५० टक्के नवीकरणीय ऊर्जा'. पुढच्या पानावर मोठ्या अक्षरात '१४ टक्के गाठले'. बीआरएसआरच्या ऊर्जेच्या तक्त्यात मात्र हिशेब केला तर ७ टक्के येतात. दुपारपर्यंत डोकं खाजवलं.

सोलापूरकडच्या सोलर प्रकल्पातून ओपन ॲक्सेसने, म्हणजे वीज कंपनीला वगळून थेट प्रकल्पाकडून, १४,१०० मेगावॅट-तास वीज आली. एकूण वीज १,००,७६० मेगावॅट-तास. भागाकार १४ टक्के, बरोबर. पण बीआरएसआर जूलमध्ये विचारतं आणि त्यात इंधनही धरतं. एका मेगावॅट-तासाचे ३.६ गिगाजूल, तेव्हा सोलरचे ५०,७६० गिगाजूल आणि फर्नेस ऑइल व गॅस धरून एकूण ७,०२,००० गिगाजूल. भागाकार ७.२ टक्के.

म्हणजे १४ टक्के विजेचे आणि ७ टक्के ऊर्जेचे. लक्ष्यात शब्द आहे 'ऊर्जा'. लिहिणाऱ्याच्या मनात वीज होती की ऊर्जा, हे अहवालावरून कळत नाही. २०२२ मध्ये लक्ष्य जाहीर केलं तेव्हाचं एक्स्चेंजवरचं निवेदन शोधून काढलं. त्यात स्पष्ट 'एकूण वीजवापराच्या ५० टक्के' आहे. म्हणजे १४ हाच योग्य मापाचा आकडा, अहवालात शब्द सैल पडलाय.

पण हे हलकं घेण्यासारखं नाही. ऊर्जेच्या ५० टक्क्यांचं लक्ष्य धरलं तर भट्ट्यांचं इंधनच बदलावं लागेल, ते पाच वर्षांत होणारं काम नाही. कोणी बैठकीत ७ टक्के काढून '२०३० ला ५० कसे करणार?' विचारलं आणि समोर उत्तर नसलं, तर पुढच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास गेला.

१४ ऑगस्ट

पाण्याचं सरळ निघालं. ताज्या पाण्याचा उपसा ९ टक्क्यांनी कमी, कारण सांडपाणी प्रक्रिया करून कूलिंग टॉवरला परत जातंय. पुढचं आणि मागचं पान जुळतं. एका ओळीत आटोपलं.

दोन गोष्टी तपासल्या. बीआरएसआर स्टँडअलोन पायावर, म्हणजे उपकंपन्या सोडून, आहे, दोन्ही वर्षी तोच. मधे कुठला कारखाना आत-बाहेर झालेला नाही. आणि आकड्यांना बाहेरच्या कोणाचा ॲश्युरन्स, म्हणजे तपासून दिलेला दाखला, नाही. २०२४-२५ साठी बीआरएसआर कोअरची ती अट वरच्या २५० कंपन्यांना आहे, आम्ही त्यात नाही. नोटमध्ये मात्र लिहायचं, नाहीतर समोरचा गृहीत धरतो.

१८ ऑगस्ट

पहिला मसुदा दिला. साडेचार पानं झाली होती. मॅडमनी दहा मिनिटांत परत केला.

'हे सगळं मला समजलं, पण गाडीत बसून फोनवर वाचताना समजेल का?' त्यांची वाचायची रीत अशी: प्रश्न काय येईल, त्याला पहिलं वाक्य काय, आणि त्यावर दुसरा प्रश्न आला तर आधार कुठे. बाकी सगळं त्यांच्या लेखी सामान आहे.

दुसरा वाद 'निर्धारित वेळेच्या पुढे' या शब्दांवर. मी ते गाळले होते. त्यांना ते हवे होते, कारण अहवालात छापलेत आणि आयआरने अहवालापेक्षा नरम बोललं, तर लोक त्यातूनच अर्थ काढतात. मी म्हणालो, शब्द ठेवूया पण 'कशात' ते जोडूया: 'उलाढालीच्या मापात वेळेच्या पुढे.' त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, 'आणि टनाच्या मापात?' सरळ रेषेने १८ हवे होते, १४ आहेत. 'मग तेही लिही. विचारल्यावर सांगितलं, तर लपवल्यासारखं दिसतं.'

२० ऑगस्ट

नोट कंपनी सेक्रेटरींकडे तपासायला गेली आणि त्यात एक ओळ लाल झाली.

एनर्जी मॅनेजर फोनवर बोलता बोलता म्हणाले होते, की दुसऱ्या सोलर प्रकल्पाचा करार होऊ घातलाय आणि त्याने वाटा दुपटीच्या वर जाईल. मी ते भाबडेपणाने 'पुढची वाट' या सदरात घातलं होतं. सीएस म्हणाले, 'हे एक्स्चेंजला कळवलंय का? नाही ना. मग चार फंडांना आधी कसं सांगणार?' करार भावावर परिणाम करण्याइतका मोठा आहे की नाही, हे आम्ही ठरवत बसायचं नाही. भावावर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती निवडक लोकांपुढे न्यायचीच नाही, हा सेबीच्या इनसायडर ट्रेडिंग नियमांचा साधा अर्थ. ओळ काढली. नोटमधली प्रत्येक गोष्ट छापलेल्या पानावरून किंवा छापलेल्या आकड्यांच्या गणितातून आलेली हवी, ही अट वरती ठळक लिहिली.

त्याच कात्रीत भट्ट्या रिकाम्या तापण्याचा किस्साही अडकेल असं वाटलं, पण उत्पादन आणि उत्सर्जनाचे आकडे जुन्या अहवालांत छापलेले असल्याने तो राहिला. फक्त 'रिकाम्या तापत होत्या' चं 'क्षमतेचा वापर कमी होता' झालं. वाईट वाटलं, पण आयआरच्या कागदावर ते शोभलं नसतं.

२२ ऑगस्ट

दोन पानांत बसलं. उत्सर्जनाचा भाग असा झाला:

'लक्ष्य: २०२९-३० पर्यंत उलाढालीमागील उत्सर्जन ४० टक्के कमी (पाया २०२०-२१). आतापर्यंत ३३ टक्के. या मापात वेळेच्या पुढे. टनामागे घट १४ टक्के, सरळ रेषेने १८ अपेक्षित. फरकाचे कारण: टनामागील उलाढाल वाढली (पोलादाचा भाव, मशीनिंगचा वाटा). टनामागील बहुतेक घट २०२१-२२ मध्ये आली. पायाभूत वर्षी क्षमतेचा वापर कमी होता. एकूण उत्सर्जन पायापेक्षा ४७ टक्के जास्त, उत्पादन ७१ टक्के जास्त. गेल्या वर्षीपेक्षा टनामागे घट १.३ टक्के, ग्रिडचा गुणक स्थिर धरल्यास २.४ (आमचा हिशेब).'

त्याखाली पान क्रमांक, आणि मागच्या पानावर चार संभाव्य प्रश्न: १४ टक्क्यांची घट कुठून दिसते, ७ की १४ टक्के नवीकरणीय, पाया २०२०-२१ का, आणि ॲश्युरन्स का नाही. तिसऱ्याला फार चांगलं उत्तर नाही. 'लक्ष्य ठरवायचं काम सुरू झालं तेव्हा शेवटचं पूर्ण वर्ष तेच होतं' एवढंच खरं आहे आणि तेवढंच लिहिलं.

२६ ऑगस्ट

पाठवली. एनर्जी मॅनेजरना आणि सस्टेनेबिलिटीच्या सहकाऱ्याला वेगळी मेल: पुढच्या वर्षी तीव्रतेचा आकडा निदान आठ दशांशांपर्यंत छापा, 'ऊर्जा' च्या जागी 'वीज' लिहा, आणि गुणकाची आवृत्ती तळटीपेत द्या. आता घरी मखर बाकी आहे.

११ सप्टेंबर

मॅडम परिषदेहून परतल्या. सहा बैठका झाल्या, त्यातल्या चारांत हा विषय निघालाच नाही. पाचव्यात एकाने फक्त पाण्याचं विचारलं.

सहाव्यात एका पेन्शन फंडाच्या मुलीने लॅपटॉप वळवून दाखवला. तिच्या तक्त्यात आमच्या नावापुढे १४.३ टक्के वार्षिक घट होती. मॅडमनी दशांशांची गोष्ट सांगितली, तिने तिथल्या तिथे रकाना ७ केला आणि विचारलं, 'टनामागे किती?' आकडा ऐकून तिने वही उघडली आणि इंडक्शनवर गेलेल्या भट्ट्यांबद्दल अर्धा तास विचारत बसली. त्यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं मॅडमकडे नव्हती. ते प्रश्न आता माझ्या टेबलावर आहेत.